वरच्या मजल्यावरची धून

बायकोवर संशय घेण्याचं वय मधुसूदन लासूरकरांनी केव्हाच मागं टाकलं होतं. तरीही रोज दिवेलागणीला भानुमतीबाई पदर सारखा करून, पायांत चपला सरकवून वरच्या मजल्यावर निघाल्या, की त्यांच्या पोटात काहीतरी खुपायला लागायचं. ते पित्त असावं असं त्यांनी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. आवळ्याचं सरबत घेऊन पाहिलं. पण सरबतानं ते शमेना, कारण ते पित्त नव्हतंच. तो बद्रीनाथ गोर्डे होता.

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून असलेल्या ज्या सोसायटीत लासूरकर राहत होते, तिथं गोर्डे नवराबायको नुकतेच आले होते. पैठणकडची मोसंबीची बाग चुलतभावाच्या हवाली करून ते मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा कंपनीच्या कामानं सदा बाहेरगावी. मग दोघांनी काय करावं, तर संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावून गाणं म्हणायला सुरुवात केली. बरं, गाणं म्हणजे काय, तर आशाबाई गोर्डेंच्या माहेरची एक धून. दोन ओळींची.

‘पांडुरंगा, बस रे घरी,
दिवा लाविला देव्हारी.’

बस्स. एवढंच. आशाबाईंनी म्हणायचं, बाकीच्यांनी तसंच मागं म्हणायचं. पुन्हा आशाबाईंनी, पुन्हा बाकीच्यांनी. सारा खेळ सा, रे आणि ग या तीन सुरांचा. ‘देव्हारी’वर आवाज जरा वर गेल्यासारखा करायचा आणि परत सा वर येऊन टेकायचा. बद्रीनाथांचा आवाज उसाच्या ट्रॅक्टरसारखा, तरी त्याचं कुणाला काही वाटत नसे. अर्धा तास हे चालायचं, मग सगळ्यांना पाठ असलेली आरती, मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही, मग गूळ-शेंगदाणे. पहिल्यांदा भानुमतीबाई गेल्या त्या भुईमुगाच्या शेंगा आलेलं भांडं परत द्यायला. मग जात राहिल्या. मग बिल्डिंगमधल्या चार-दोन बायकाही जायला लागल्या. आणि मग लासूरकरांच्या घरात संध्याकाळी एक माणूस, एक टीव्ही आणि एक दुखावलेला स्वाभिमान एवढंच उरलं.

दुखण्याला कारण होतं. मधुसूदनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते हे खरं, पण तरुणपणी त्यांनी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि दोन्हींत उत्तीर्ण झाले होते. खात्याच्या प्रत्येक निरोप समारंभात त्यांनी एक नाट्यपद म्हटलेलं होतं. निरोप घेणारा माणूस नेहमी त्याच वेळी हळवा व्हायचा. त्याचं श्रेय ते स्वतःकडं घेत. अशा माणसाच्या बायकोनं तीन सुरांच्या धुनीसाठी जिना चढून जावं, हे कुठं बसत होतं?

एकदा त्यांनी बायकोला विचारलंही, की वर नेमकं काय मिळतं.

“शांत वाटतं,” भानुमतीबाई म्हणाल्या.

“शांतता इथंही आहे. तू वर गेल्यावर तर फारच असते.”

त्या हसल्या आणि गेल्या. त्या हसण्यानं त्यांचा निश्चय झाला. आपल्या घरी सायंप्रार्थना करायची. अशी करायची की वरचा मजला खाली उतरून आला पाहिजे.

एवढी मोठी गोष्ट करायची तर शास्त्रशुद्ध करायला हवी, म्हणून ते उस्मानपुऱ्यात गाण्याचा क्लास चालवणाऱ्या मनस्विनीबाईंकडं गेले. बाई तरुण होत्या, पण समज पक्की. त्यांनी हार्मोनियम पुढ्यात ओढून शांतपणे सगळं समजावलं. घरातली संध्याकाळची प्रार्थना म्हणजे मैफल नव्हे. सुरुवात दिव्याच्या श्लोकानं करावी. तो बोलण्याच्या सुरातच म्हणायचा असतो. मग नामाची धून, कमी सुरांची, संथ लयीत, एकानं सांगायची आणि बाकीच्यांनी झेलायची, म्हणजे नवखा माणूसही दुसऱ्या फेरीला त्यात येतो. मग आरती. हे अंगवळणी पडलं की ओवी. ती तर जात्यावर म्हणतात तशी, एकाच वळणाची असते. मग साधा अभंग, भजनी ठेक्यात. त्यातलं ध्रुवपद सगळ्यांनी धरायचं आणि कडवं एकानं म्हणायचं. संध्याकाळचे राग, त्यातल्या बंदिशीच्या वळणाचे अभंग, आलापी, हे सगळ्यांत शेवटी. तेही घरातल्यांचा कान तयार झाल्यावर.

“आणि पट्टी सांभाळा, काका,” त्या म्हणाल्या. “पुरुषांचा सा साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार, पांढरी पाचला. तुमच्या सोयीच्या पट्टीत मोठा अभंग धरलात तर बायकांना तो एक तर खाली खर्जात जातो, नाही तर वर तारसप्तकात ओढावा लागतो. धुनीला सूर कमी, म्हणून ती कुणालाही झेपते.”

मधुसूदनरावांनी मान डोलावली. मनात मात्र त्यांनी त्या यादीचा शेवटचा भाग तेवढा उचलला. खालच्या पायऱ्या वरच्या मजल्यानं अडवलेल्या होत्या. तेव्हा आपण थेट गच्चीवरूनच सुरुवात करावी असं त्यांना वाटलं. सोपं गाऊन बद्रीनाथला कोण हरवणार? तिथं तो आधीच बसलेला.

गुलमंडीतून त्यांनी एक जुनी हार्मोनियम आणली. तिची एक पट्टी अधूनमधून दाबली तशीच खाली बसून राहायची आणि मग सगळ्या गाण्याला पाठीमागून एक अखंड ‘ऊं’ लागायचा. दुकानदार म्हणाला, तो फुकटचा तानपुरा समजा. शिवाय खरा तानपुरा म्हणून त्यांनी मोबाइलमध्ये अॅप घेतलं. त्यात दर थोड्या वेळानं गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागायची. त्यांना वाटलं, भक्तांचं सरासरी वय पाहता हेही अगदीच विसंगत नाही.

मग आला सांडूअण्णांचा प्रश्न. सांडूअण्णा सोसायटीचे अध्यक्ष. पूर्वी तलाठी होते, आणि आजही कुठल्याही गोष्टीला त्यांच्या लेखी उतारा लागायचा. वाद्य वाजवून कार्यक्रम करायचा तर सोसायटीला अर्ज हवा, असं ते म्हणाले. मधुसूदनरावांनी विचारलं, वर गोर्डेंनी अर्ज दिला होता का. अण्णा म्हणाले, ते तर नुसतं तोंडानं म्हणतात, तोंडाला अर्ज लागत नाय. मग मधुसूदनरावांनी अर्ज लिहिला. अर्जात ‘भक्तिसंगीत’ लिहिलं होतं. अण्णांना त्यात ‘संगीत’ खटकलं. डीजेही संगीतच म्हणवतो. ते खोडून ‘भजन’ लिहिलं, तर भजनाला मंडळ लागतं, मंडळाला पदाधिकारी लागतात. शेवटी ‘घरगुती प्रार्थना, पेटीसह’ या शब्दांवर दोघांचं एकमत झालं आणि परवानगी मिळाली. परवानगी देताना अण्णांनी विचारलं, “पण वर चाललेलं आहे ना छान? मीबी जातो कधी कधी. लई शांत वाटतं.”

शांत हा शब्द ऐकला की हल्ली मधुसूदनरावांचं रक्त तापायचं.

पहिल्या दिवसाची घोषणा त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केली. राग त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. भूप. संध्याकाळचा, पाच सुरांचा, मध्यम-निषाद वर्ज्य असलेला प्रसन्न राग. त्याला भूपाळी असंही नाव आहे. नाव भारदस्त वाटावं म्हणून त्यांनी लिहिलं, ‘आज सायंकाळी आमच्याकडे भूपाळी. सर्वांनी यावे.’

काही वेळानं आशाबाईंचा आवाजी निरोप ग्रुपवर आला. अगदी निर्मळ, काळजीच्या सुरात. “लासूरकर भाऊजी, भूपाळी म्हणजे देवाला सकाळी उठवायचं गाणं ना? आता दिवस मावळायला देवाला उठवायचं म्हणजे… तो झोपलाच नव्हता ओ, सकाळपासून जागाच हाय.”

त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मधुसूदनरावांनी राग भूपाळी आणि पहाटेची भूपाळी यांतला फरक समजावणारा एक लांबलचक मजकूर टाकला. तो बरोबर होता. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. तरी त्याखाली कुणीतरी विचारलं, की मग संध्याकाळी काकडआरतीपण आहे का. अचूक असूनही माणूस कसा हास्यास्पद ठरू शकतो याचा त्यांना त्या दिवशी सखोल अनुभव आला.

ते मागं हटले नाहीत. उलट त्यांनी राग बदलला आणि अधिक अवघड केला. पूरिया धनाश्री. सूर्य मावळताना गायचा, रिषभ-धैवत कोमल, मध्यम तीव्र. त्या सुरांत बांधलेला एक जुन्या वळणाचा अभंग त्यांना तरुणपणी शिकवला होता. तो त्यांनी विलंबित लयीत, आलापीसकट घ्यायचं ठरवलं. भानुमतीबाई म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी एवढं?” ते म्हणाले, “देव काही नवखा नाही.”

आठवड्यातून एकदा नळाला येणारं पाणी त्या दिवशी आलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कलावंताचं लक्ष पाण्याकडं नसतं.

संध्याकाळी माणसं मात्र आली. सांडूअण्णा आले, बायका आल्या, भानुमतीबाईंनी सतरंजी घातली, देव्हाऱ्यात समई लावली. उदबत्तीचा वास पसरला. आणि बद्रीनाथ आणि आशाबाईही आले, प्रसादाला मोसंब्या घेऊन. वरचा मजला खाली आला होता. मधुसूदनरावांनी शाल सारखी केली आणि पेटीवर काळी एक धरली.

कोमल रिषभावर त्यांनी आवाज ठेवला. तिथं तो ठेवायचाच असतो. पण तिथं राहायला आवाजाची तब्येत लागते. रियाज सुटून इतकी वर्षं झालेल्या गळ्यात तो रिषभ हळूहळू वर सरकायला लागला, बस रिकामी दिसल्यावर माणूस खिडकीकडं सरकतो तसा, आणि पाहता पाहता शुद्ध झाला. धैवतानंही तेच केलं. आता तीव्र मध्यम तेवढा जागच्या जागी उरला आणि पूरिया धनाश्रीचा यमन झाला. यमनही संध्याकाळचाच, म्हणून कुणाची हरकत नव्हती, पण मधुसूदनरावांची होती. ते पुन्हा कोमलावर आले, पुन्हा सरकले. खाली बसलेली पट्टी मागून ‘ऊं’ करत राहिली. ध्रुवपद आलं तेव्हा त्यांनी हातानं सगळ्यांना खूण केली, म्हणा.

बायकांनी म्हणायला सुरुवात केली. पट्टी पुरुषांची. निम्म्यांनी खालचा सूर धरला, तो त्यांच्या गळ्यात उतरून नाहीसाच झाला. निम्म्यांनी वरचा धरला, तो छताला जाऊन लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या कृष्णाबाईंना खोकला आला. सांडूअण्णांनी डोळे मिटले, ते भक्तीनं की काय ते कळलं नाही. त्याच वेळी मोबाइलमधल्या तानपुऱ्यानं विचारलं की आपले गुडघे कुरकुरतात का.

आणि खाली गेटपाशी टँकर आला.

रिव्हर्स घेणाऱ्या टँकरचा तो आवाज या शहरात जन्मलेल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. खालून ड्रायव्हरची हाक आली, “चाचा, पाइप किधर डालू? टाकी का ढक्कन तो खोलो.” सांडूअण्णांनी डोळे उघडले आणि अध्यक्षांना शोभेल अशा घाईनं उठले. मग बायका उठल्या, कारण पाणी टाकीत पडताच ज्यानं त्यानं आपली मोटर लावायची असते. मधुसूदनराव तिसऱ्या कडव्यात होते. खोलीत ते, समई आणि बद्रीनाथ एवढंच उरलं. बद्रीनाथ मांडी न हलवता बसून राहिले.

“तुम्हाला नाही का पाणी?” मधुसूदनरावांनी विचारलं.

“आशा गेली ना,” बद्रीनाथ म्हणाले. “तुम्ही चालू द्या. समजत नाय, पण आवाजात दम लई हाय तुमच्या.”

त्यात टोमणा असता तर मधुसूदनरावांना सोसला असता. पण तो नव्हता. त्यामुळं ते अधिकच चिडले आणि शेवट तरी साजरा करावा म्हणून त्यांनी शेजारती म्हटली. शेजारती देवाला निजवण्याची. ती शांत असते, छान असते, आणि ती त्यांनी चांगली म्हटली. तेवढ्यात भानुमतीबाई हातात नैवेद्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थांबल्या.

“निजवलंत?” त्यांनी विचारलं. “मग हा शिरा आता कुणाला दाखवू?”

शिरा देवाच्या दारात ताटकळत राहिला आणि निवला. दोघा नवराबायकोंनी तो तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भानुमतीबाईंनी चपला घातल्या आणि वर गेल्या. बाकीच्या बायकाही गेल्या. खिडकीशी उभं राहून मधुसूदनरावांनी ती तीन सुरांची धून ऐकली. आज बायका मोकळ्या आवाजात म्हणत होत्या. मधूनच बायकोचा गाणारा आवाज ओळखू येत होता. तो किती वर्षांत त्यांनी ऐकला नव्हता, आणि ऐकू येतोय तोही दुसऱ्याच्या घरातून.

तेव्हापासून त्यांचा मत्सर साधा राहिला नाही. तो नेमका झाला. वर टाळ्या वाजल्या की ते मात्रा मोजायचे आणि बद्रीनाथनं एक चुकवली की समाधान पावायचे. गोर्डेंच्या दारात चपला किती ते मोजायचे. पहाटे उठून रियाज सुरू केला, तोही खुल्या आवाजात, वरच्यांना ऐकू जावा म्हणून. थंडी पडायला लागली होती. त्यात शेवग्याचं सूप, ज्येष्ठमध, गरम पाण्याच्या गुळण्या, प्रत्येक शेजाऱ्यानं सांगितलेला प्रत्येक उपाय एकाच वेळी. उपाय एकमेकांशी भांडले आणि गळा बसला. डॉक्टर म्हणाले, घशाला सूज आहे, बोलणंसुद्धा बंद ठेवा. मधुसूदनराव पाटीवर लिहून बोलू लागले. भानुमतीबाई सांगायच्या, घर फार शांत झालंय. तोच शब्द.

आणि नेमका त्याच काळात गोर्डेंच्या बागेत मोसंबीचा तोडा निघाला. चुलतभाऊ एकटा पुरेना. दोघं गावी गेले. दाराला कुलूप लागलं.

दिवेलागणीला बायका सवयीनं वर गेल्या, कुलूप पाहून खाली उतरल्या, आणि लासूरकरांच्या दारात घुटमळल्या. कृष्णाबाईंनी भीत भीत विचारलं, आज इथं आहे का काही. त्यांच्या चेहऱ्यावर पूरिया धनाश्रीची आठवण स्पष्ट दिसत होती. भानुमतीबाई म्हणाल्या, “नुसता दिवा आहे. या.”

मधुसूदनराव आतल्या खोलीत जाऊन बसले. दार पूर्ण लावलं नाही. समईच्या वाती लागल्याचा वास आला. श्लोक झाला, साधा, बोलल्यासारखा. मग भानुमतीबाईंनी धून धरली, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत, आणि बायकांनी झेलली. पहिल्या फेरीत दोघी-तिघींचे आवाज, दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे. लय कुठंही पळत नव्हती. मधुसूदनराव पलंगाच्या कडेवर बसून वाट पाहत होते, की कुठंतरी सूर हलेल. हलला तरी कुणी तिकडं बघत नव्हतं. पुढच्या फेरीत तो आपसूक जागेवर यायचा.

आरती झाली. मग भानुमतीबाईंनी एक अभंग सुरू केला. त्याला आलाप नव्हता, तान नव्हती. भजनी ठेक्याच्या हलक्या टाळ्या आणि मागून ध्रुवपद. कडव्याच्या शेवटी आवाज जरा थांबायचा, श्वास घ्यायचा आणि उतरायचा. मधुसूदनराव पलंगावरून उठून दारात येऊन उभे राहिले. हा अभंग तिला येतो हे त्यांना माहीत नव्हतं. तो असा म्हणता येतो हेही नव्हतं. दारात उभ्या उभ्या त्यांना जी चीड आली, ती बद्रीनाथवर नव्हती, आशाबाईंवर नव्हती. ती थेट समोर बसलेल्या बाईवर होती, आणि ती इतकी जुनी, इतकी घरगुती होती की त्यांना तिची लाजही वाटली नाही.

बायका गेल्यावर त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘हा अभंग कुठं शिकलीस?’

“वर, आरती झाल्यावर आशाबाईंकडून थोडा. थोडा लहानपणी. मनात होताच.”

‘इथं कधी म्हटला नाहीस.’

भानुमतीबाईंनी समईच्या वाती आत ओढल्या. मग म्हणाल्या, “इथं तुम्ही म्हणता तेव्हा मी ऐकते. चांगलं म्हणता, ऐकावंसं वाटतं. पण वर मला म्हणायला बसवतात हो. ऐकायला नाही.”

मधुसूदनरावांनी पाटीवर बरंच लिहिलं आणि पुसलं. शेवटी पाटी भिंतीला टेकवून ठेवून ते झोपायला गेले.

दुसऱ्या संध्याकाळी ते आतल्या खोलीत गेले नाहीत. सतरंजीच्या मागच्या कडेला भिंतीला टेकून बसले. भानुमतीबाईंनी टाळ त्यांच्या हातात दिले. टाळ वाजवायला तर त्यांना येत होतंच. तरी सुरुवातीला त्यांनी लय थोडी पुढं ढकललीच, हाताची जुनी खोड. भानुमतीबाईंनी वळून नुसतं पाहिलं. त्यांनी लय मागं घेतली. धुनीच्या तिसऱ्या फेरीत त्यांचा बसलेला गळा आपोआप हलला. आवाज नव्हताच, नुसती घरघर होती, पण तीन सुरांत घरघरही मावते. शेजारी बसलेल्या कृष्णाबाईंनी सरकून जागा केली.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये बोललं जाऊ लागलं की लासूरकर वहिनींकडं संध्याकाळी छान असतं. वहिनींकडं. आपल्या घराचं नाव असं बदललेलं पाहून मधुसूदनरावांना लिफ्टमध्ये दर वेळी बारीकसं टोचायचं. घसा बरा झाल्यावर त्यांनी एकदा अभंगाच्या मधल्या कडव्यात हळूच एक आलाप घालून पाहिला. भानुमतीबाईंनी पुढचं कडवं लगेच सुरू केलं. तो आलाप त्यांनी गिळला. तो तसा वाईट नव्हता.

गोर्डे परतले ते गाडीभर मोसंब्या घेऊन. त्या दिवशी संध्याकाळी आशाबाई सरळ लासूरकरांकडं आल्या आणि बायकांत बसल्या. बद्रीनाथ मात्र दारातच उभे. चपला काढाव्या की नाही, असा त्यांचा चेहरा. मधुसूदनरावांनी तो चेहरा ओळखला. ओळखणारच, तो त्यांनी रोज आरशात पाहिला होता. गेले कित्येक आठवडे असं सुख त्यांना झालं नव्हतं.

“या की,” ते म्हणाले.

“येतो ओ,” बद्रीनाथ म्हणाले, पण हलले नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाले, “खरं सांगू का, भाऊ? राग नका मानू. आम्ही तोडा करून आलो, तर सगळ्या बाया इथं. आशाबी म्हणते, आता इथंच यायचं, वहिनींची पट्टी चांगली लागती. मी एकटाच वर बसू का काय? मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.”

मधुसूदनरावांना वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला विजयाचा आनंद होईल. झालाही. पण तो फार टिकला नाही, कारण बद्रीनाथच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं आणि मोसंब्यांची पिशवी अजून त्याच्या हातातच होती.

“ती पिशवी ठेवा,” मधुसूदनराव म्हणाले. “आणि इथं मागं बसा. मीही मागंच बसतो हल्ली.”

त्यांनी टाळांची जोडी सोडवून एक झांज बद्रीनाथांना दिली आणि एक स्वतःकडं ठेवली. एका हातात एक झांज घेऊन वाजत नाही हे दोघांच्याही लगेच लक्षात आलं. मग भानुमतीबाईंनी कपाटातून दुसरी जोडी काढून दिली. मधुसूदनराव गुलमंडीला पेटी घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं ती पेटीबरोबर दिली होती.

समई लागली. श्लोक झाला. आशाबाईंनी आणि भानुमतीबाईंनी मिळून धून धरली आणि बायकांनी झेलली. मागं दोन म्हातारे शेजारी शेजारी टाळ वाजवू लागले. बद्रीनाथांचा टाळ जरा जड पडत होता. मधुसूदनरावांनी आपला जरा अधिक नीट वाजवला, त्यांना कळावं म्हणून. बद्रीनाथांना ते कळलं आणि त्यांनी आपला जोरात केला. मधुसूदनरावांनीही केला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत लय अशी काही वाढली की ‘देव्हारी’ म्हणायला बायकांना श्वास पुरेना.

भानुमतीबाईंनी गाणं न थांबवता मागं हात केला आणि आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं, खेळणाऱ्या पोरांना करतात तसं. दोघांचे टाळ एकदम हळू झाले. मग हळूहळू तीन सुरांवर दोघांचेही आवाज आले, एक ट्रॅक्टरचा, एक दोन परीक्षा उत्तीर्ण झालेला. कोणता कुणाचा हे पुढं बसलेल्या बायकांना सांगता आलं नसतं, आणि त्या वळूनही पाहत नव्हत्या.